कँडल बंद होईपर्यंत

रोजच्या चार्टवरची कँडल सकाळी सव्वानऊला सुरू होते आणि दुपारी साडेतीनला संपते. मधल्या ३७५ मिनिटांत ती कितीही रूपे घेते. अकरा वाजता भरघोस हिरवी दिसणारी कँडल तीन वाजता लांब सावलीची, किरकोळ अंगाची होऊन बसलेली असते. स्विंग ट्रेडर, म्हणजे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत पोझिशन धरणारा माणूस, याच कँडलवरून खरेदीचा निर्णय घेतो. म्हणून त्याच्यापुढे एक जुना पेच कायम उभा असतो. भावाने पातळी ओलांडली की लगेच घ्यायचे, की कँडल बंद होऊन पातळीच्या वर टिकली हे पाहून घ्यायचे? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. तो लहान वाटतो, पण एकाच शेअरमध्ये, एकाच पातळीवर, एकाच दिवशी खरेदी करणाऱ्या दोघांपैकी एकाचा वर्षाचा हिशेब नफ्यात आणि दुसऱ्याचा तोट्यात जाण्यामागे पुष्कळदा हाच फरक असतो.

बंदभावाला मान देण्याची परंपरा अमेरिकेत चार्ल्स डाऊच्या अनुयायांनी घट्ट केली. रॉबर्ट ऱ्हीया यांनी १९३२ मध्ये डाऊ सिद्धांताची मांडणी केली. तिच्यात सरासरी निर्देशांकांचे फक्त बंदभाव विचारात घ्यायचे आणि दिवसभरातले चढ-उतार सोडून द्यायचे, असा दंडक होता. १९४८ मध्ये एडवर्ड्स आणि मॅगी यांच्या ग्रंथाने तो आणखी कडक केला. पातळीच्या तीन टक्के पलीकडे बंदभाव आला, तरच ब्रेकआउट खरा मानायचा. कँडलचे चार्ट पाश्चात्त्य ट्रेडरांच्या हाती आले ते मुख्यतः स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकामुळे. त्यातल्या जवळजवळ सगळ्या आकृत्या बंद झालेल्या कँडलच्याच आहेत, कारण हॅमर असो की एनगल्फिंग, शेवटचा भाव कळल्याशिवाय आकृतीला नावच देता येत नाही. (या आकृत्या अठराव्या शतकातल्या होम्मा नावाच्या तांदूळ व्यापाऱ्याने शोधल्या असे सर्रास छापले जाते. होम्मा खरा होता, ओसाकाचा दोजिमा तांदूळ बाजारही खरा होता. कँडल मात्र त्याच्या नंतरच्या, बहुधा मेजी काळातल्या मानल्या जातात.)

दुसरे घराणे थांबत नाही. शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी १९८३ मध्ये टर्टल नावाने ओळखला जाणारा गट तयार केला. वायद्यांमध्ये मागच्या २० दिवसांचा उच्चांक एका टिकने जरी मोडला तरी दिवसभरात कधीही, त्याच क्षणी घ्यायचे, बंदभावाची वाट पाहायची नाही, असा या गटाचा नियम होता. शेअरबाजारात विल्यम ओ'नील यांची शिकवणही याच बाजूची आहे. पिव्होट ओलांडताना, वाढत्या व्हॉल्यूमसह घ्या, पण भाव पिव्होटच्या पाच टक्के वर गेला असेल तर पाठलाग करू नका. दोघांचाही युक्तिवाद सारखाच होता. मोठ्या चाली पातळी ओलांडताच पळू लागतात, आणि थांबणारा माणूस नेमक्या त्याच चाली महागात घेतो.

तिसरे घराणे या दोघांच्या चुकांवर जगते. लिंडा रॅश्की आणि लॅरी कॉनर्स यांच्या १९९५ च्या पुस्तकात 'टर्टल सूप' नावाची पद्धत आहे. २० दिवसांचा उच्चांक किंवा नीचांक मोडल्यावर भाव परत आत आला, की मोडणाऱ्यांच्या विरुद्ध उभे राहायचे. नाव खोडसाळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पातळी मोडून परत फिरणे इतक्या वेळा घडते, की त्यावर स्वतंत्र पद्धत उभी राहू शकते. कँडल बंद होण्याची वाट पाहणाऱ्याला टाळायचे असते ते हेच.

शेअरबाजारात बंदभावाला वजन का, याचे कारण चार्टमध्ये नसून पैशाच्या व्यवहारात आहे. दिवसभरात खरेदी करणाऱ्यांत मोठा वाटा त्याच दिवशी निघून जाणाऱ्यांचा असतो. इंट्राडे पोझिशन सव्वातीनच्या आसपास ब्रोकरच कापून टाकतो. साडेतीननंतर ज्यांच्याकडे शेअर उरतो, त्यांनी रात्रभराची जोखीम अंगावर घेतलेली असते. मग अमेरिकी बाजार काहीही करो, कंपनीचा निकाल काहीही येवो, सकाळी भाव कुठेही उघडो. पातळीच्या वरचा बंदभाव सांगतो तो एवढाच, की त्या वरच्या भावाला रात्र काढायला तयार असलेले लोक होते. अकरा वाजताचा भाव हे सांगू शकत नाही. चोवीस तास चालणाऱ्या क्रिप्टो बाजारात बंदभावाची वेळ ही केवळ घड्याळाची सोय असते. तिथे हा युक्तिवाद बराच पातळ होतो.

थांबण्याची किंमत किती, हे एका काल्पनिक शेअरवरून पाहता येते. सात आठवडे तो ४६० ते ५०० च्या पट्ट्यात फिरतो आहे. वरची पातळी ५००, अलीकडच्या दिवसांचा नीचांक ४८६, म्हणून स्टॉपलॉस ४८५. पट्ट्याची उंची ४० रुपये, म्हणून लक्ष्य ५४०. सकाळी शेअर ४९४ ला उघडतो, ११ वाजून १० मिनिटांनी ५०१ होतो, दुपारी ५११ पर्यंत जाऊन ५०८ च्या आसपास बंद होतो. पहिला ट्रेडर ५०१ ला घेतो. दुसरा पाच-सात मिनिटे बाकी असताना ५०८ ला घेतो. दोघांनीही या सौद्यात १०,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाही असे ठरवले आहे.

पहिल्याची प्रति शेअर जोखीम १६ रुपये, म्हणून तो ६२५ शेअर घेतो. दुसऱ्याची २३ रुपये, म्हणून ४३४. लक्ष्य गाठल्यास पहिल्याला प्रति शेअर ३९ आणि दुसऱ्याला ३२ रुपये मिळतात. स्टॉपलॉस आणि लक्ष्य दोघांचे एकच असल्याने त्यांच्यातले अंतर ५५ रुपये आहे, आणि ना नफा ना तोटा होण्यासाठी किती सौदे यशस्वी व्हायला हवेत ते जोखमीला ५५ ने भागून निघते. पहिल्याचे २९ टक्के, दुसऱ्याचे ४२ टक्के. म्हणजे वाट पाहण्यात गेलेले सात रुपये भरून काढायला दुसऱ्याचे सौदे शंभरात सुमारे तेरा वेळा अधिक बरोबर यायला हवेत. वाट पाहणे फुकट नसते. त्याची किंमत पातळी आणि बंदभाव यांच्या अंतरात चुकवावी लागते.

ही किंमत दरवेळी सारखीही नसते. ब्रेकआउट जितका जोरदार, तितका बंदभाव पातळीपासून लांब. त्यामुळे थांबणाऱ्याला मरतुकडे ब्रेकआउट स्वस्तात मिळतात आणि चांगले महागात. दिवसात सहा-सात टक्के पळालेला शेअर तर तो सोडूनच देतो, कारण ४८५ चा स्टॉपलॉस तिथून फार दूर राहतो. उलट लगेच घेणाऱ्याच्या पदरात सगळे पडते, चांगले आणि फसवेही. दोघांच्या वाट्याला येणारे सौदे दिसायला एकाच यादीतले, पण प्रत्यक्षात दोन वेगळ्या याद्यांमधले असतात. म्हणून एकाच्या यशाच्या टक्केवारीवरून दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नसतो.

त्या दोन याद्या चालवून पाहाव्यात. सोयीसाठी वरच्या शेअरसारखेच २० ब्रेकआउट धरू, आणि आकडे फक्त हिशेबासाठी घेऊ. चांगल्या बाजारात समजा आठ त्याच दिवशी परत ५०० च्या खाली बंद झाले आणि बारा टिकले. टिकलेल्यांपैकी सात लक्ष्याला गेले, पाच स्टॉपलॉसला. परतलेल्या आठांपैकी एक पुढे कधीतरी लक्ष्याला गेला, सात बुडाले. लगेच घेणाऱ्याचे आठ बरोबर आणि बारा चूक, तरी निव्वळ नफा ७५,००० रुपये. थांबणाऱ्याचे बारांपैकी सात बरोबर, यशाचे प्रमाण ५८ टक्के, पण नफा ४७,००० च्या थोडा वर. जास्त वेळा बरोबर असणारा इथे कमी कमावतो.

आता बाजार आडवा आणि चिडका आहे. २० पैकी तेरा त्याच दिवशी परतले आणि सगळे बुडाले. टिकलेल्या सातांपैकी चार लक्ष्याला, तीन स्टॉपलॉसला. लगेच घेणारा ६२,५०० रुपये तोट्यात आणि थांबणारा सुमारे २५,००० नफ्यात. पद्धती त्याच, माणसेही तीच, फक्त बाजाराचा स्वभाव बदलला. त्यामुळे कोणती पद्धत बरी हा प्रश्न तसा विचारला की उत्तर सापडत नाही. दोन मोजमापे विचारली की सापडते. आपण पाहतो त्या शेअरांत सध्या दिवसात मोडलेल्या पातळ्यांपैकी किती बंद होताना परत आत येतात? आणि ज्या टिकतात त्यांचा बंदभाव पातळीपासून सरासरी किती दूर असतो? पहिला आकडा वाढला की थांबणे फायद्याचे, दुसरा वाढला की महाग. बहुतेक ट्रेडर आपले सौदे वहीत लिहितात, पण हे दोन आकडे लिहीत नाहीत. न घेतलेल्या ब्रेकआउटची नोंद कोण ठेवणार?

या दोघांच्या मधला एक मार्ग अनेक अनुभवी ट्रेडर वापरतात, आणि या पुस्तकाचा कलही थोडा त्याच बाजूला आहे. पातळी मोडताच घ्यायचे, पण बंद होताना भाव पातळीच्या खाली असेल तर ४८५ ची वाट न पाहता तिथेच सोडायचे. वरच्या आडव्या बाजारात परतलेले तेरा शेअर ४९५ च्या आसपास बंद झाले असे धरले, तर प्रत्येकाचा तोटा १६ ऐवजी सहा रुपये होतो आणि ६२,५०० चा खड्डा १८,००० च्या वर नफ्यात बदलतो. म्हणजे बंदभावाचे काम आत शिरण्यासाठी न करता बाहेर पडण्यासाठी करून घ्यायचे. याला अर्थातच अटी आहेत. रोज तीन ते साडेतीन स्क्रीनसमोर असायला हवे, आणि नोकरी करणाऱ्या बहुसंख्यांना ते जमत नाही. सौद्यांची संख्या वाढते, तसा खर्चही वाढतो. त्याच दिवशी घेऊन विकलेला, डिलिव्हरी न झालेला सौदा आयकरात सट्टा व्यवसायात जातो. त्याचा हिशेब डिलिव्हरीच्या नफ्यात मिसळता येत नाही.

लगेच घेण्यातही कागदावरचा ५०१ हाती पडेलच असे नाही. ५०० ही पातळी सगळ्यांनाच दिसत असते. तिच्या जरा वर खरेदीच्या ऑर्डर साचलेल्या असतात आणि त्या एकदम सुटल्या की भाव दोन-तीन रुपये उडतो. मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याला ५०२ रुपये ५० पैशांना मिळाले तरी त्याची यशाची गरज २९ वरून जवळपास ३२ टक्क्यांवर जाते. लिमिट ऑर्डर टाकली तर चांगला शेअर हातातून निसटतो आणि परत येणारा मात्र हमखास मिळतो. व्हॉल्यूमही सकाळी फसवतो. दिवसाचा व्हॉल्यूम सुरुवातीला आणि शेवटी दाट, मध्ये विरळ असतो. साडेदहा वाजताचा आकडा सरळ गुणाकाराने दिवसभरावर पसरवला तर रोजच व्हॉल्यूम विक्रमी वाटेल. त्यावर उपाय आहे. आजच्या साडेदहापर्यंतच्या व्हॉल्यूमची तुलना मागच्या काही दिवसांच्या साडेदहापर्यंतच्याच व्हॉल्यूमशी करायची.

थांबणाऱ्याची फसगत वेगळ्या जागी होते. एनएसईत दीर्घकाळ चालत आलेल्या पद्धतीत शेअरचा अधिकृत बंदभाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातल्या, तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची व्हॉल्यूमनुसार काढलेली सरासरी म्हणजे बंदभाव. समजा शेअर तीन वाजता ४९७ ला होता आणि हळूहळू चढत ३ वाजून २५ मिनिटांनी ५०२ झाला. ट्रेडरने कँडल पातळीच्या वर बंद होतेय असे मानून घेतला. रात्री चार्ट उघडला तर दिवसाचा बंदभाव ४९९ रुपये ६० पैसे. ब्रेकआउट झालाच नव्हता! चार्टमध्ये बिघाड नसतो. त्याने शेवटचा भाव पाहिला आणि चार्टने सरासरी. याच्या उलटही घडते. लिलावाने बंदभाव ठरवण्याची पद्धत परदेशातल्या मोठ्या बाजारांत रूढ आहे, आणि तिकडे जाण्याचे पाऊल सेबीनेही उचलले आहे. पद्धत बदलली की हा अर्ध्या तासाचा हिशेब बदलेल, पण आपला बंदभाव नेमका कशाचा बनला आहे हे विचारणे चुकणार नाही.

ज्यांना साडेतीनपर्यंत थांबवत नाही आणि अकरा वाजता घ्यायचा धीरही होत नाही, ते लहान कँडलच्या बंदभावावर तडजोड करतात. इथे भारतीय बाजाराचे वेळापत्रक आडवे येते. तासाच्या कँडल सव्वानऊपासून मोजल्या तर सहा पूर्ण होतात आणि सातवी फक्त पंधरा मिनिटांची उरते, सव्वातीन ते साडेतीन. तिची तुलना इतर सहांशी करणे म्हणजे पाव किलोचे माप किलोच्या मापाशेजारी ठेवणे. म्हणून इथल्या ट्रेडरांनी ७५ मिनिटांची कँडल उचलली. ३७५ ला ७५ ने भागले की पाच समान तुकडे होतात. वरच्या उदाहरणात ११ वाजून १० मिनिटांनी मोडलेली पातळी ७५ मिनिटांच्या कँडलवर पावणेबाराला तपासता येते. शेअर तेव्हा ५०४ ला असेल तर किंमत तीन रुपये, सात नव्हे. चाळणी अर्थात विरळ, कारण पावणेबाराला टिकलेले तीन वाजता ढासळू शकते. आणि हेही लक्षात ठेवावे, की 'कँडल बंद' हा शब्द चौकटीशिवाय अर्थहीन आहे. आठवड्याच्या चार्टवरची पातळी बुधवारी रोजच्या बंदभावाने मोडली, तर रोजच्या चार्टचा माणूस थांबला होता आणि आठवड्याच्या चार्टचा घाईत होता.

संगणकाने या वादात एक नवा गोंधळ आणला. चार्टवर मागे वळून पाहिले की प्रत्येक कँडल बंद झालेली दिसते. चालू कँडल मात्र प्रत्येक टिकला नव्याने मोजली जाते, म्हणून दुपारी उमटलेला सिग्नल संध्याकाळी मागमूस न ठेवता नाहीसा होतो. ट्रेडिंगव्ह्यूवरच्या पाइन स्क्रिप्टमध्ये ही दोन जगे वेगळी ठेवणारी अट अशी लिहितात:

```
breakout = close > ta.highest(high, 20)[1]
signal   = breakout and barstate.isconfirmed
```

पहिली ओळ दिवसभरात खरी-खोटी होत राहते. दुसरी फक्त कँडल बंद झाल्यावर खरी ठरते. अलर्ट लावताना `Once Per Bar Close` निवडणे म्हणजे हाच निर्णय, फक्त यादीतून निवडलेला. बॅकटेस्टची मेख याहून खोल आहे. बंदभावाचा सिग्नल घेऊन त्याच बंदभावाला खरेदी झाली असे धरणारी चाचणी भविष्य पाहून खरेदी करते. प्रामाणिक चाचणी दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाने करावी, गॅप सोसून. लगेच घेणाऱ्याच्या चाचणीत अडचण उलटी असते. रोजच्या कँडलमध्ये उच्चांक आणि नीचांक असतात, पण आधी कोणता आला ते नसते. ५०१ ला खरेदी झाल्यावर ४८५ लागला, की ४८५ सकाळीच लागून गेला होता? सॉफ्टवेअर अंदाज करते. त्यामुळे इंट्राडे खरेदीच्या पद्धती मिनिटांच्या डेटावर तपासलेल्या नसतील, तर त्यांच्या नफ्याचा आकडा गंभीरपणे घेऊ नये.

बाहेर पडताना हाच वाद उलटा होतो. 'क्लोजिंग बेसिस स्टॉपलॉस' हा शब्द मराठी घरांतही टीव्हीमुळे रुळला आहे. दिवसात ४८५ ला स्पर्श झाला तरी सोडायचे नाही, बंद खाली झाला तरच सोडायचे. सावलीत अडकून बाहेर फेकले जाणे यामुळे टळते, पण जोखमीचा आकडा हातात राहत नाही. ४८५ चा बंद-स्टॉपलॉस ठेवलेला शेअर बातमी आल्यावर ४६५ ला बंद होऊ शकतो. मग ५०१ ची खरेदी १६ ऐवजी ३६ रुपयांना पडते आणि ६२५ शेअरांचा तोटा १०,००० ऐवजी २२,५०० होतो. हा स्टॉपलॉस वापरायचाच, तर क्वांटिटी त्या हिशेबाने आधीच कमी धरावी लागते. हे गणित सांगायला टीव्हीवर सहसा वेळ नसतो.

हे पुस्तक जाणूनबुजून अरुंद ठेवले आहे. ते कॅश बाजारातल्या शेअरांपुरते, रोजच्या आणि ७५ मिनिटांच्या चार्टपुरते आणि खरेदीच्या बाजूपुरते बोलते. ऑप्शनचा विचार त्यात नाही, कारण तिथे वेळ जाण्याचीच किंमत मोजावी लागते आणि थांबण्याचा हिशेब वेगळा होतो. रोज पाच-दहा टक्क्यांच्या सर्किटला अडकणारे लहान शेअरही बाहेर ठेवले आहेत, कारण तिथे ब्रेकआउटच्या दिवशी विकणाराच नसतो आणि दोन्ही पद्धती कागदावर राहतात. जागा दिली आहे ती मोजण्याला: परतणाऱ्या पातळ्यांचे प्रमाण कसे नोंदवायचे, बंदभावाचे अंतर शेअरच्या सरासरी दैनंदिन चढ-उताराच्या मापात कसे लिहायचे, आणि किती नोंदी झाल्यावर त्यांवरून काही बोलावे. नोंदीचा नमुना साधा आहे. तारीख, पातळी, पातळी मोडल्याची वेळ, ७५ मिनिटांचा बंद, अधिकृत बंदभाव, दुसऱ्या दिवशीची सुरुवात, आणि पुढे लक्ष्य आधी लागले की स्टॉपलॉस. सौदा घेतला असो वा नसो, प्रत्येक मोडलेल्या पातळीची एक ओळ.